टेबल मांडण्याआधी पलंगावर आडवे व्हा

बेडरूमच्या कोपऱ्यात ऑफिसचं टेबल लावायचं ठरलं की आपण टेप घेऊन भिंती मोजायला लागतो. मीही तेच केलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी, समोरच्या भिंतीला साडेतीन फूट रुंदीचं टेबल बरोबर बसत होतं, प्लग जवळ होता, आणि भिंत मोकळीच होती. टेबल आलं, मॉनिटर आला. खुर्ची काही आली नाही, कारण टेबल आणि पलंग यांच्यात जेमतेम दीड फूट उरलं होतं. मग मी पलंगाच्या कडेवर बसूनच काम करायला लागले. दोन दिवसांची सोय म्हणून सुरू झालेलं ते बसणं पाच महिने चाललं.

रात्री उशीवर डोकं टेकलं की नजर सरळ मॉनिटरवर जायची. तो बंद असला तरी त्याचा निळा दिवा मिणमिणत असायचा, आणि त्या दिव्याकडे बघताबघता न पाठवलेली मेल आठवायची. दुपारी उलटा प्रकार. ज्या गादीवर बसून मी मीटिंग करायचे, तिच्यावरच जरा पाठ टेकायची हुक्की यायची. एकदा नवरा म्हणाला, "हे तुझं ऑफिस आहे, मी इथे रात्रीचा पाहुणा म्हणून येतो." तेव्हा मी टेबल हलवायचं मनावर घेतलं, आणि दुसऱ्या खेपेला मोजणी भिंतीपासून न करता उशीपासून केली. या लेखात तीच पद्धत सांगते आहे.

उशीवरून खोली बघा

टेबल विकत घेण्याआधी नेहमीच्या जागी, नेहमीच्या उशीवर आडवे व्हा. आधी उताणे, मग एका कुशीवर, मग दुसऱ्या. प्रत्येक वेळी डोळे उघडल्यावर समोर काय येतं ते लक्षात ठेवा. खोलीत दोघं झोपत असाल तर दुसऱ्यालाही हेच करायला सांगा, कारण त्याच्या कुशीवरून दिसणारी खोली वेगळी असते. जे कोपरे दोघांच्याही नजरेत येत नाहीत किंवा फक्त कडेकडेने येतात, तेवढेच टेबलासाठी विचारात घ्यायचे.

हे करून बघितलं की बहुतेक खोल्यांमध्ये एक गंमत लक्षात येते. सगळ्यात चांगली जागा असते ती पलंगाच्या उशाकडचीच भिंत. डोकं ज्या भिंतीकडे, त्याच भिंतीला पलंगापासून बाजूला टेबल ठेवलं तर झोपलेल्या माणसाला ते समोर दिसत नाही. कुशीवर वळलं तरी मॉनिटरची नुसती धार दिसते. लोक मात्र ही जागा आधीच बाद करतात, कारण उशाजवळ ऑफिस नको असं वाटतं. अंतरापेक्षा नजर कुठे जाते हे महत्त्वाचं आहे. आठ फुटांवरची समोरची स्क्रीन दोन फुटांवरच्या नजरेआडच्या स्क्रीनपेक्षा जास्त त्रास देते.

उशाची भिंत मिळत नसेल तर दुसरी पसंती अशी मांडणी, ज्यात मॉनिटरची पाठ पलंगाकडे येते. इथे झोपणाऱ्याला स्क्रीन दिसत नाही, पण काम करणाऱ्याला दिवसभर पलंग समोर दिसतो. दुपारी पेंग येणाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा. पायथ्याशी, उशीच्या अगदी समोर, हा शेवटचा पर्याय. तोच उरला तर काय करायचं ते पुढे सांगते.

पलंगावर बसून काम करणं मात्र कुठल्याच मांडणीत बसत नाही. झोप न येण्याच्या तक्रारीवर रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२मध्ये एक उपचारपद्धती मांडली. ती आजही वापरली जाते आणि तिचा गाभा अगदी साधा आहे. ज्या जागी आपण रोज जे करतो, त्या जागेशी शरीर तेच जोडून टाकतं. गादीवर झोपच होत असेल तर गादी झोपेची खूण बनते. तिथेच मेल, मीटिंग आणि हिशेब होत असतील तर गादीवर पडणं हीच जागं होण्याची खूण बनते. म्हणून कोपरा कितीही लहान असला तरी त्यात खुर्ची मावलीच पाहिजे. खुर्ची मावत नसेल तर तो कोपरा टेबलासाठी नाहीच.

जमिनीवर वर्तमानपत्रं पसरा

कोपरा ठरला की टेबलाच्या मापाएवढी जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर पसरून ठेवा. लॅपटॉप, वेगळा कीबोर्ड आणि एक वही यांना साडेतीन फूट रुंदी आणि दोन फूट खोली पुरते. दोन फुटांपेक्षा कमी खोलीचं टेबल घेतलं तर स्क्रीन नाकाशी येते आणि मनगटं कडेला लटकतात. टेबलाच्या मागे, म्हणजे जिथे खुर्ची येणार, तिथे अडीच ते तीन फूट मोकळे हवेत. एवढं असलं की खुर्ची मागे सरकवून सहज उठता येतं. त्याहून कमी जागेत माणूस कडेने घसरत उठतो, आणि दोन आठवड्यांत उठायचाच कंटाळा करायला लागतो.

कागद दोन दिवस तसेच राहू द्या. कपाटाचं दार उघडून बघा, खिडकी उघडून बघा, रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठून बघा. कागद पायात आला तर टेबलही येणार, आणि टेबलाच्या कोपऱ्याने मांडीला बसलेला फटका आठवडाभर ठणकतो.

माझ्या खोलीचा हिशेब मांडते, म्हणजे पद्धत कळेल. खोली १० फूट रुंद, ११ फूट लांब. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीला खिडकी. दार उजव्या टोकाला. पलंग पाच बाय साडेसहा, त्याचं उसं डाव्या भिंतीला, आणि तो त्या भिंतीच्या बरोबर मध्ये होता. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोकळे सुटलेले. दिसायला नीटनेटकं, पण त्या दोन्ही पट्ट्या टेबलासाठी अपुऱ्या. पायथ्याशी साडेतीन फूट, तिथे टेबल लावल्याची कथा वर आलीच. उजव्या भिंतीला, खिडकीकडच्या कोपऱ्यात चार फुटांचं कपाट.

दुसऱ्या खेपेला आम्ही पलंगच दाराच्या भिंतीकडे सरकवला. तिथे फक्त एक फुटाची गल्ली ठेवली. त्यामुळे खिडकीच्या बाजूला पाच फुटांची सलग पट्टी मोकळी झाली, आणि तिच्या डाव्या टोकाला, उशाच्याच भिंतीला, टेबल बसलं. टेबलाची रुंदी साडेतीन फूट, म्हणजे टेबल आणि पलंग यांच्यात दीड फूट. टेबलाची खोली दोन फूट, म्हणजे खुर्चीच्या मागे पट्टीभर जागा. बसल्यावर तोंड डाव्या भिंतीकडे, खिडकी उजव्या हाताला. कॅमेऱ्यात मागे कपाट दिसतं, पलंग दिसत नाही. मीटिंग चालू असताना कुणी आडवं झालं तरी चालतं. एक फुटाची गल्ली कुणाच्या वाट्याला आली हे सांगायला नको, पण पाहुणा म्हणवून घेणाऱ्याने ती मुकाट्याने घेतली.

यातली शिकण्यासारखी गोष्ट एवढीच, की टेबलासाठी जागा शोधताना आपण पलंगाला खांबासारखा अचल धरतो. पलंग दोन फूट सरकवून बघितल्याशिवाय खोलीत जागा नाही असं म्हणू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. टेबल पलंगाला किंवा त्याच्या उशाच्या फळीला चिकटवू नका, चार बोटांचं अंतर ठेवाच. एकजण झोपलेला असताना दुसऱ्याने टाइप केलं की त्याची थरथर लाकडातून थेट उशीपर्यंत पोचते. आवाज इतका जाणवत नाही जितकी ती थरथर जाणवते. टेबलाच्या पायांखाली रबराच्या चकत्या लावल्या की फरशीतून जाणारा ठोकाही कमी होतो.

खुर्ची टोचली की पलंग बोलावतो

टेबल-खुर्चीच्या उंचीचा झोपेशी काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की दुपारी तीन वाजता मान आणि खांदे भरून आले की माणूस लॅपटॉप उचलतो आणि उशीला टेकून बसतो. तिथून गादीवरचं ऑफिस सुरू होतं. चांगली खुर्ची ही पलंगाची राखण आहे.

मापं घ्यायला पाच मिनिटं पुरतात. खुर्चीत पाऊलं जमिनीला पूर्ण टेकतील असे बसा. खांदे सैल सोडा, हात कोपरात काटकोनात वाकवा, आणि कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजायला सांगा. कीबोर्ड साधारण त्याच उंचीवर हवा. माझी ही उंची ६३ सेंटिमीटर भरली, आणि टेबल ७५ सेंटिमीटरचं. तयार मिळणारी बहुतेक टेबलं ७२ ते ७५ सेंटिमीटरचीच असतात, म्हणून बुटक्या माणसांचे खांदे दिवसभर उचललेले राहतात. बारा सेंटिमीटरचा फरक भरून काढायला खुर्ची तेवढी वर केली. मग पाय लोंबकळायला लागले, म्हणून पायाखाली बारा सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा ठेवला. खुर्ची वर केली आणि पायांकडे दुर्लक्ष केलं तर मांडीखाली कड रुतते, आणि संध्याकाळी पोटऱ्या जड होतात. ठोकळा विसरू नका.

लॅपटॉपची अडचण अशी, की त्याची स्क्रीन आणि कीबोर्ड एकाला एक जोडलेले. हात बरोबर उंचीवर असले तर मान खाली जाते, मान बरोबर असली तर हात वर जातात. यावर उपाय एकच, वेगळा कीबोर्ड आणि माउस. लॅपटॉप मग स्टँडवर किंवा जाडजूड पुस्तकांवर चढवायचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल इतका. अंतर हात लांब करून बोटं टेकतील एवढं. पुस्तकं रचली तर लॅपटॉपच्या बुडाची हवेची भोकं बुजत नाहीत ना, ते बघा.

दोन दिवे, दोन वेळा

प्रकाशावर जरा थांबते, कारण बेडरूममधलं टेबल झोप बिघडवतं ते बरंचसं इथूनच.

आपल्या डोळ्याच्या पडद्यात बघण्यासाठीच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्या आकार-रंग दाखवत नाहीत. उजेड किती आहे एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा शोध लागला. निळसर प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात. दिवसा भरपूर उजेड मिळाला की हे घड्याळ ठीक चालतं, आणि झोपण्याआधी काही तास उजेड कमी झाला की ते झोपेची तयारी करतं. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला सकाळी रस्त्यावरचा उजेड आपसूक मिळायचा. बेडरूममध्ये काम करणारा माणूस अर्धवट ओढलेल्या पडद्यामागे दिवसभर बसतो आणि रात्री मात्र पांढऱ्याफेक ट्यूबखाली मेल संपवतो. म्हणजे घड्याळाला दिवसा संध्याकाळ आणि रात्री दुपार दिसते.

या विषयातल्या संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२२मध्ये आकडे सुचवले. घड्याळाला जाणवेल असा प्रकाश डोळ्यापाशी, उजेड मोजायच्या लक्स या एककात, दिवसा किमान २५० असावा, झोपण्याच्या आधीचे तीन तास १०च्या आत असावा, आणि झोपताना १च्या आत. हे लक्स साधे नाहीत, त्या पेशींच्या हिशेबाने मोजलेले आहेत, त्यामुळे घरात मोजत बसू नका. त्यातलं प्रमाण तेवढं लक्षात घ्या. दिवस आणि झोपण्याआधीचे तास यांत किमान पंचवीस पटींचा फरक हवा आहे, आणि एका ट्यूबने तो कधीच मिळत नाही.

म्हणून टेबलासाठी दिव्यांच्या दोन वेगळ्या व्यवस्था करा. दिवसाची व्यवस्था म्हणजे खिडकी. टेबल असं ठेवा की खिडकी तुमच्या बाजूला येईल. खिडकी समोर आली तर डोळे दिपतात आणि माणूस पडदा ओढतो. पाठीमागे आली तर तिचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं आणि माणूस पुन्हा पडदाच ओढतो. बाजूला असली तरच पडदा दिवसभर उघडा राहतो. खिडकी लहान असेल किंवा समोर इमारत असेल तर दिवसा छताचा पांढरा दिवाही लावा, त्याचं वावडं दिवसा नाही. आणि काम सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर जाऊन या. ढगाळ आकाशसुद्धा खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट उजळ असतं.

संध्याकाळची व्यवस्था म्हणजे एक छोटा टेबललॅम्प. बल्ब घेताना खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेला घ्या, म्हणजे पिवळसर. ६५०० लिहिलेला पांढरा रात्रीसाठी नको. लॅम्पचं तोंड टेबलावर किंवा भिंतीवर असावं, आणि त्याला अपारदर्शक शेड हवी. आता पुन्हा उशीवर जाऊन आडवे व्हा. बल्ब उघडा दिसला तर लॅम्पची जागा किंवा शेड बदला. ही परीक्षा खुर्चीत बसून होत नाही. मी लॅम्प टेबलाच्या डाव्या कडेला, म्हणजे पलंगाच्या बाजूला ठेवला होता. बसल्यावर सुंदर दिसायचा. झोपलेल्या माणसाच्या मात्र तो थेट डोळ्यांत जायचा. तो उजव्या कडेला नेला आणि मधे मॉनिटर आला, तेव्हा भागलं.

स्क्रीनचं काय? रात्री रंग पिवळसर करणारी सोय लावायला हरकत नाही, पण नुसती ती लावून निश्चिंत होऊ नका. स्क्रीन पिवळी केली पण झगझगीतच ठेवली तर फारसा फायदा नाही. आधी उजळपणा कमी करा. किती कमी करायचा हे ओळखायला कोरा पांढरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा. स्क्रीनवरचं पांढरं पान कागदाएवढंच पांढरं दिसलं तर ठीक. कागद मळकट आणि स्क्रीन दिव्यासारखी वाटली तर अजून कमी करा.

एक बटण, सगळं बंद

चार्जर, मॉनिटर, स्पीकर, एक्स्टेंशन बोर्ड, प्रत्येकाला आपापला इवलासा दिवा असतो. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री खोली पूर्ण अंधारी करून पाच मिनिटं थांबा, डोळे अंधाराला सरावले की मोजा. मी सात मोजले होते. त्यातला एक दर दोन सेकंदांनी उघडझाप करणारा, आणि चालूबंद होणारा दिवा स्थिर दिव्यापेक्षा जास्त लक्ष वेधतो.

सोपा उपाय म्हणजे टेबलावरच्या सगळ्या वस्तू एकाच बटणाच्या एक्स्टेंशन बोर्डला लावायच्या आणि तो बोर्ड टेबलाखाली, पायाला लागणार नाही पण हात पोचेल असा चिकटवायचा. रात्री ते एक बटण बंद. दिवे गेले, आणि अॅडॅप्टरची बारीक कुरकुरही गेली. त्याआधी लॅपटॉप रीतसर बंद करा, आणि बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती आधी काढा, नाहीतर झोप वाचेल आणि फाइल जाईल. राउटर बेडरूममध्येच असला तर तो मात्र वेगळ्या प्लगवर ठेवा, घरातल्या बाकीच्यांचा विचार करून. त्याच्या दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप लावा. टेप दिव्यापुरतीच, हवेच्या भोकांवर नको.

फोनचं चार्जिंग या टेबलावर, पलंगाजवळ नाही. गजर हवा असेल तर आवाज दीड-दोन मीटरवरूनही येतो, आणि तो बंद करायला उठावं लागतं हा वरचा फायदा.

टेबल मिटवायची वीस मिनिटं

ऑफिसमधून घरी येण्याचा प्रवास त्रासाचा असला तरी तो काम आणि घर यांच्यात उभा होता. बेडरूममध्ये तो प्रवास तीन पावलांचा झाला आहे, म्हणून त्याची जागा घेणारं काहीतरी हातांनी करावं लागतं. मी जे करते ते क्रमाने सांगते.

काम संपताना आधी वहीत उद्याची कामं लिहिते. नुसतं 'रिपोर्ट' असं नाही. 'रिपोर्टमधला तिसरा तक्ता दुरुस्त करून पाठवणे' असं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं होतं. काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढच्या दिवसांत करायची. करायची कामं लिहिणारे सरासरी सुमारे नऊ मिनिटं आधी झोपले, आणि ज्यांनी जास्त तपशीलवार लिहिलं ते आणखी लवकर. प्रयोग लहान आहे, पण कागद-पेन्सिलीचा खर्च नाही.

मग लॅपटॉप बंद करून ड्रॉवरमध्ये. वही, पेन, हेडफोन त्याच ड्रॉवरमध्ये. मॉनिटरवर गडद रंगाचं जाड कापड, पण मॉनिटर गार झाल्यावर आणि बटण बंद केल्यावरच. खुर्ची टेबलाखाली आत. टेबलावर उरतो तो लॅम्प आणि पाण्याचा तांब्या, म्हणजे ते पुन्हा बेडरूममधलं एक फर्निचर होतं. शेवटी खिडकी आणि दार दोन्ही उघडून पंधरा मिनिटं वारा जाऊ देते. बंद खोलीत आठ तास बसलेला माणूस आणि चालू यंत्रं मिळून चांगलीच ऊब साठवतात, हवाही कोंदट होते, आणि गाढ झोपेला खोली थोडी गारच लागते.

टेबल पायथ्याशीच ठेवावं लागत असेल त्यांच्यासाठी ही मिटवामिटव दुप्पट महत्त्वाची. तिथे मोठा मॉनिटर घेऊच नका. लॅपटॉपवर काम करा, म्हणजे सगळं ड्रॉवरमध्ये जातं आणि उशीसमोर रिकामी लाकडी फळी राहते. भिंतीला बिजागरीने लावलेलं, वर उचलून बंद होणारं टेबल मिळालं तर उत्तमच. मात्र ते पक्क्या भिंतीलाच लावा, आणि कोपरं टेकून बसायची सवय असेल तर वजन पेलेल असे कंस वापरा. छतापासून सोडलेला पडदाही चालतो. कमरेएवढे पडदे नकोत, कारण स्क्रीनचा वरचा भाग त्यांच्यावरून दिसतच राहतो.

मध्यरात्री जाग आली तर

बूटझिनच्या पद्धतीत आणखी एक नियम आहे. साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठायचं, दुसरीकडे बसायचं, आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचं. घड्याळ बघायचं नाही, अंदाजाने. आता गोची अशी, की बेडरूममध्ये 'दुसरीकडे' म्हणजे ऑफिसची खुर्ची. तिच्यावर बसलं की हात आपोआप ड्रॉवरकडे जातो आणि अडीच वाजता मेल उघडते.

म्हणून टेबल मांडतानाच या रात्रीच्या बसण्याची जागाही ठरवा. बाहेरच्या खोलीतली खुर्ची असेल तर ती. एकच खोली असेल तर टेबलाच्या विरुद्ध कोपऱ्यात जमिनीवर एक जाड उशी आणि मंद पिवळा दिवा. तिथे वाचायला आधी वाचलेलं, उत्कंठा न वाढवणारं पुस्तक. ही जागा ठरलेली नसली तर हा नियम कागदावरच राहतो.

दोन आठवडे वही ठेवा

नवी मांडणी जमली की नाही हे पहिल्या रात्री कळत नाही, कारण नव्या मांडणीचंच अप्रूप असतं. दोन आठवडे वहीत तीन गोष्टी लिहा: दिवा कधी मालवला, अंदाजे किती वेळाने झोप लागली, आणि त्या दिवशी गादीवर काही काम झालं का. सकाळीच लिहा, रात्री घड्याळ बघत नको.

या वहीत बघायचं असं. झोप रोजच उशिरा लागत असेल तर आधी प्रकाश आणि नजरेची रेषा तपासा, पुन्हा आडवे होऊन. ठरावीक वारांनाच उशीर होत असेल तर दोष फर्निचरचा नाही, वेळापत्रकाचा आहे. माझ्या वहीत मंगळवार आणि गुरुवार लाल निघाले. त्या दोन दिवशी रात्री साडेनऊची मीटिंग असायची. ती मी बेडरूमबाहेर, जेवणाच्या टेबलावर घ्यायला लागले. मीटिंग तेवढीच लांब राहिली, पण त्या रात्री टेबल आधीच मिटलेलं असायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात ते वार बाकीच्यांसारखेच दिसायला लागले. गादीवर काम झाल्याच्या खुणा वाढत असतील तर खुर्ची आणि पायाखालचा ठोकळा बघा, कुठेतरी टोचतंय.

आणि मांडणी सगळी बरोबर असूनही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल, आणि असं तीन महिने चाललं असेल, तर टेबल सरकवत बसू नका. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो, आणि उत्तर तुमच्याकडे तारखेसकट लिहिलेलं असेल.